आडवा दिसणारा लेक

मुरूमच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग हे करतात, मिक्सिंग मी करते. मिक्सिंग म्हणजे लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे, वर गाणी टाकायची आणि माणसांना घरी बसून बघता येईल असं काहीतरी तयार करून द्यायचं. लग्न होऊन जळकोटहून इथं आले तेव्हा मला कॉम्प्युटर चालू करायलाही येत नव्हतं. ह्यांनी शिकवलं, थोडं माझं मी शिकले. पुढं असं झालं की दुकानात ह्यांच्यापेक्षा मीच जास्त वेळ बसायला लागले.

मी ज्यांना मावशी म्हणते त्या बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या पोळ्यानंतरच्या दिवसांत. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, आणि डोळे बारीक करून बघायची सवय लागलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हातात रुमालाच्या गाठीत बांधलेलं मेमरी कार्ड होतं. मला ताई म्हणाल्या. वय माझ्या आईएवढं, पण दुकानात बसलेल्या बाईला आमच्याकडं ताईच म्हणतात.

"ताई, ह्याच्यात माझं पोरगं हाय. ते टीव्हीवर दिसंल असं करून द्या."

त्यांचा मुलगा जन्मापासून बहिरा. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही. बाप लवकर गेला. मायलेकानं मिळून हातांची एक भाषा तयार केली होती, त्यांची त्यांचीच. शहरातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती ही नव्हे. शेतात मजुरी करता करता, चुलीपुढं बसून, एकेक खूण दोघांनी ठरवत नेली. आता पोरगा पुण्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. त्यानंच पैसे साठवून आईला टीव्ही घेऊन दिला होता.

व्हिडिओ कॉल का करत नाही, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "करतू की. पर चित्र अडखळतंय. हात वर गेलेला दिसतू, खाली आलेला दिसतच न्हाय. मग काय म्हनला, कसं कळावं?"

नेटवरून व्हिडिओ पाठवला की तो लहान होऊन येई आणि बोटं पुसट होत. म्हणून पोरगा फोनवर व्हिडिओ काढायचा, कार्डात भरायचा, आणि त्याच कारखान्यात कामाला असलेला गावातला एकजण सुट्टीला आला की त्याच्याबरोबर कार्ड पाठवायचा. मावशी ते आपल्या फोनात घालून बघत. पण डोळे अधू झाल्यापासून फोनवरचा पोरगा त्यांना अंगठ्याएवढाही दिसेना.

शेजारणीनं तेच व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावून बघितले होते. टीव्हीनं ते घेतलेच नाहीत. हे आम्हाला नेहमीचं होतं. नवे फोन व्हिडिओ ज्या पद्धतीनं आवळून साठवतात ती जुन्या टीव्हींना उलगडत नाही. मग तो व्हिडिओ टीव्हीला समजेल अशा प्रकारात बदलून द्यावा लागतो, ज्याला आम्ही कन्व्हर्ट करणं म्हणतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक जुनं सॉफ्टवेअर होतं, लग्नाच्या डीव्हीडी निघायच्या त्या काळापासूनचं. मी सगळे व्हिडिओ एकदम त्यात टाकले, दुसरं काम करत बसले, आणि संध्याकाळी मावशींना पेन ड्राइव्ह दिला. उघडून बघितलं नाही. एवढ्या साध्या कामात बघायचं काय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मावशी पायरीवर येऊन बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"ताई, पोरगं आडवं पडलंय," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मी शटर वर करत विचारलं, "कुठं पडलंय मावशी?"

"टीव्हीत. अंथरुनाला खिळल्यावानी. आन् हात असा करतंय." त्यांनी तळहात आडवा धरून दाखवला, जमिनीला समांतर. "आमच्यात ह्याचा अर्थ पडून हाय, बरं न्हाय. कारखान्यात काय लागलं का त्याला? माझ्यापासून लपवाय लागल्यात का समदी?"

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. कार्ड त्यांच्या कमरेलाच होतं. ते कॉम्प्युटरला लावलं आणि मूळ व्हिडिओ चालू केला. पडद्यावर पोरगा सरळ उभा. मागं पत्र्याची भिंत, खिळ्याला अडकवलेला शर्ट, एका फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. तो हसत होता. तळहात सरळ उभा धरून, बोटं आभाळाकडं करून, छातीपुढं हलवत होता.

मी मावशींची खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्या इतक्या पुढं झुकल्या की नाक काचेला लागायचं राहिलं.

"हुबा हाय," त्या म्हणाल्या. "हात हुबा हाय. बरा हाय म्हनतंय."

आणि त्यांनी त्या पडद्याकडं बघून तोच हात केला. तळहात उभा. पडद्यातून आपल्याला कुणी बघत नाही हे त्यांना माहीत होतं, पण हात आपोआप उठला. मग पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "पुन्यांदा लाव."

त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करायला लागल्या. मला ते आवडलं.

मूळ व्हिडिओ सरळ, मी कन्व्हर्ट केलेला आडवा. म्हणजे गडबड माझ्याच दुकानात झाली होती. हे आले तेव्हा मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "फिरवून टाक ना. त्यात काय." आणि एका हळदीच्या शूटिंगला निघून गेले. फिरवणं अवघड नव्हतं. पण सरळ गेलेला माणूस आडवा होऊन बाहेर का पडतो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. आमचं काम मोठ्या कॅमेऱ्याचं. तो नेहमी आडवाच धरतात, त्यामुळं हा घोळ आमच्या वाट्याला कधी आला नव्हता.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी माझा फोन उभा धरून दुकानाच्या दाराचा एक व्हिडिओ काढला. मग फोन आडवा करून त्याच दाराचा दुसरा. दोन्ही कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यांची माहिती उघडून बघितली. मला वाटलं होतं, उभ्या व्हिडिओची उंची जास्त असेल. पण दोन्हींची चौकट अगदी एकसारखी निघाली, रुंद आणि बुटकी. फरक एकच. उभ्या व्हिडिओच्या माहितीत एक जास्तीची नोंद होती, की दाखवताना हे चित्र पाव फेरा फिरवा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनच्या आत कॅमेऱ्याचा डोळा एकाच बाजूनं घट्ट बसवलेला असतो. आपण फोन उभा धरला की तो डोळा आत आडवा होतो, आणि चित्रही आडवंच टिपतो. ते सरळ करायचं तर फोनला सेकंदाला तीस-तीस चित्रं फिरवत बसावं लागेल. तेवढं काम तो करत नाही. चित्रं जशी आली तशी आडवी ठेवतो आणि फाइलीत फक्त एक खूण करून ठेवतो, की बघणाऱ्यानं एवढं फिरवून बघावं. फोन ती खूण वाचतो, कॉम्प्युटरवरचा चांगला प्लेअर वाचतो, आणि आपल्याला चित्र सरळ दिसतं. आपण समजतो, चित्रच सरळ आहे.

माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला ती खूण माहीतच नव्हती. त्यानं आतली आडवी चित्रं उचलली, नव्या फाइलीत भरली, आणि खूण तिथंच टाकून दिली. चित्र फिरवलं नाही आणि फिरवायचा निरोपही पुढं नेला नाही. मग टीव्हीनं जे हातात आलं ते दाखवलं. आडव्या पोराला आडवंच.

हे कळल्यावर मी खुशीत होते. त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र फिरवायचं बटण होतं. सगळे व्हिडिओ पुन्हा घेतले, सगळ्यांना पाव फेरा दिला, आणि या वेळी पहिले दोन-तीन उघडून बघितलेसुद्धा. सरळ होते. दुकान बंद करून मीच मावशींच्या घरी गेले. गावाच्या कडेला दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड. शेजारीणही येऊन बसली. मी पेन ड्राइव्ह लावला.

पोरगा टीव्हीत उभा राहिला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधे तो. व्हिडिओ उभा, टीव्ही आडवा, त्यामुळं तसं दिसायचंच. मावशींना त्याचं काही नव्हतं. त्या टीव्हीपुढं मांडी घालून बसल्या आणि मला सांगत गेल्या. बोटं वरून खाली आणली की पाऊस. ओठावरून बोट फिरवलं की बाप, कारण बापाला मोठ्या मिश्या होत्या. गालाला मूठ लावली की आई. का, तर मावशींच्या गालावर लहानपणी गळू झालं होतं, त्याचा वण राहिलाय.

मग पुढचा व्हिडिओ लागला आणि पोरगा परत आडवा झाला.

मावशी दचकल्या नाहीत, पण म्हणाल्या, "अगं, ह्यो पयल्या खेपंला सरळ व्हता. टीव्हीत म्या बघितलं त्यात ह्यो एकच सरळ व्हता. आता पडला."

मी म्हटलं, "असं कसं होईल मावशी? सगळे आडवे होते."

"न्हाय. ह्यो सरळ व्हता. मला आठवतंय की. फोनात मातर ह्यो आडवा हाय, पयल्यापास्नं. म्या फोन फिरवून बघती."

मी त्यांचा फोन घेतला. कार्डातला तोच व्हिडिओ लावला. खरंच आडवा. मावशींनी फोन माझ्या हातून घेतला, पाव फेरा वळवला, आणि मला दाखवला. पोरगा सरळ झाला. फोन फिरवला तर चित्र आपोआप फिरू नये असं त्यात शेजारणीनं करून ठेवलं होतं. मावशींना त्यात अडचण कधी वाटलीच नव्हती. फोन हातात फिरतो. टीव्ही कसा फिरवणार?

बाकीच्या बहुतेक व्हिडिओंत खूण बरोबर होती आणि माझ्या सॉफ्टवेअरनं ती हरवली. ह्यात खूण मुळातच चुकीची होती. म्हणून फोनवर तो आडवा दिसे. आणि ती चुकीची खूण माझ्या जुन्या सॉफ्टवेअरनं टाकून दिली तेव्हा तो आपसूक सरळ झाला होता. मग मी सगळ्यांबरोबर त्यालाही फेरा दिला आणि चांगला उभा असलेला माणूस आडवा केला.

पण फोननं खूण चुकीची केली कशी? मी तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. एरवी मी सुरुवातीचा भाग पुढं ढकलून देते, तो कुणाच्या कामाचा नसतो. या वेळी नीट बघितलं. आधी दिसला पत्रा आणि त्याला लटकलेला पंखा. मग एक मोठं बोट आलं. मग सगळं चित्र गरगरलं, भिंत सरकली, आणि स्थिर झालं. पोरगा दोन पावलं मागं गेला आणि बोलायला लागला. हातांनी.

मी मावशींना विचारलं, "व्हिडिओ काढताना तो फोन कसा धरतो?"

"धरंल कसा?" मावशी म्हणाल्या. "दोनी हात तर बोलाय लागत्यात. फोन टेकवून ठेवतू. तांब्याला न्हायतर पिशवीला."

मग मला सगळं दिसलं, जणू मी त्या खोलीत उभी होते. फोन टेबलावर उताणा पडलेला, सेल्फीचा कॅमेरा वर. पोरगा त्याच्यावर वाकून बटण दाबतो आणि त्यानंतर फोन उचलून तांब्याला आडवा टेकवून ठेवतो. फोनला आपण उभे आहोत की आडवे हे कळतं ते जमिनीच्या ओढीवरून, खाली कुठली बाजू आहे त्यावरून. उताण्या फोनची कुठलीच कड खाली नसते. मग तो गोंधळतो आणि आधी जसा होता तसंच आहे असं धरून चालतो. आधी तो पोराच्या हातात उभा होता. बटण दाबलं त्या क्षणी त्यानं ‘उभा’ अशी खूण केली. ती एकदाच होते. नंतर तुम्ही फोन कसाही फिरवा, खूण बदलत नाही.

एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बटण दाबणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला हे फारसं येत नाही. ज्याला बोलायला दोन्ही हात लागतात त्याच्या वाट्याला येतं.

मी हे मावशींना जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी फोनालाबी खुना हायत म्हन की."

"आहेत ना. आणि वाचणाऱ्याला कळल्या नाहीत तर उलटंच होतं."

"त्ये तर मानसाचंबी तसंच हाय," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी त्यांच्या ओळखीच्या, उमरग्याच्या एका मिक्सिंगवाल्याला फोन लावला. त्यानं एक नवं सॉफ्टवेअर सांगितलं. ते आधी फाइलीतली खूण वाचतं, त्याप्रमाणं प्रत्येक चित्र खरोखरच फिरवतं, आणि मग नव्या फाइलीत खूण ठेवतच नाही. चित्रच सरळ झालं, आता फिरवायला सांगायचं कुणाला? अशी फाइल कुठंही लावा, जुन्या टीव्हीवर, नव्या टीव्हीवर, ती सरळच दिसणार.

ते बसवलं. पहिला व्हिडिओ टाकला आणि हाताच्या सवयीनं मी फिरवायचं बटणही दाबलं. सॉफ्टवेअरनं त्याचा पाव फेरा दिला होता, वर माझा पाव फेरा. पोरगा डोक्यावर उभा राहिला. हे मागून बघत होते. खूप दिवसांनी इतके हसले. मीही हसले. मग बटणाला हात न लावता परत केला, तेव्हा तो पायांवर आला.

पण चुकीच्या खुणेच्या व्हिडिओंना हे चालत नव्हतं. ते सॉफ्टवेअर खूण खरी मानून चालायचं. त्याला काय माहीत, खूणच खोटी आहे म्हणून. अशा फाइलींची खूण आधी काढून टाकायची आणि मग कन्व्हर्ट करायचं. कुठली फाइल कशी आहे हे यंत्र सांगू शकत नव्हतं. ते बघूनच ठरवावं लागत होतं. म्हणून मी मावशींना दुकानात बोलावून घेतलं.

चार-पाच दिवस त्या दुपारी येत होत्या. भाकरी बांधून आणत, शेंगदाण्याची चटणी असे. मी एकेक व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायची, त्या बघायच्या. सरळ-आडवा तर मलाही दिसत होतं. पण आता त्या शेजारी असल्याशिवाय मला ते बघावंसं वाटेना. त्या सांगायच्या आणि मला समोरचा मुका माणूस बोलताना ऐकू यायचा. कारखान्यातला साहेब चांगला आहे. खोलीवरच्या पोरांनी त्याला पत्ते शिकवले. भेंडीची भाजी रोज असते, कंटाळा आला. एकदा तो बराच वेळ काही न करता नुसता बसला होता, मग गालाला मूठ लावली, आणि खाली घेतली.

"इथं काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काय न्हाय," मावशी म्हणाल्या. "आई म्हनला नुसतं."

मी सवयीनं प्रत्येक व्हिडिओची सुरुवात आणि शेवट कापायला घेतला होता. पंखा, बोट, गरगरणारं चित्र, आणि शेवटी फोन बंद करायला तो पुढं येतो ते. मिक्सिंगमध्ये हे पहिल्यांदा जातं. मावशींनी माझा हात धरला.

"काय काढायलीस?"

"हे फालतू आहे मावशी. यात काही बोलत नाही तो."

"शेवटचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बंद कराय येतू तवा त्याचं तोंड लई जवळ येतंय. तवाच नीट दिसतंय मला."

मी परत जोडलं. तेव्हापासून मी आणखी एक करते. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा, कुणी कॅमेऱ्याकडं चालत आलं आणि चेहरा सगळ्या चौकटीत भरला, तर ते कापायच्या आधी थांबते.

सगळे व्हिडिओ झाल्यावर मावशी म्हणाल्या की आता त्यालाच सांगू, आधी फोन ठेव, मग बटण दाब. मी मुद्दाम म्हटलं, फोन आडवाच ठेवायला सांगा, म्हणजे टीव्ही पूर्ण भरेल आणि दोन्ही हात लांब केले तरी बाहेर जाणार नाहीत. मी माझा फोन आडवा धरला, जरा थांबले, मग बटण दाबलं. मावशी दुकानातल्या निळ्या पडद्यापुढं उभ्या राहिल्या, जिथं आम्ही पासपोर्ट फोटो काढतो. पदर सारखा केला आणि बोलायला लागल्या.

मी त्यांना तोंडानं बोलताना इतके दिवस ऐकलं होतं. हातांनी बोलताना त्या वेगळ्याच बाई होत्या. ठसठशीत, भराभर, मधेच भुवया वर. त्यांनी तळहाताचा फोन केला, तो उताणा ठेवला, त्यावर बोट टेकवलं आणि मान जोरात हलवली. मग तळहात काल्पनिक तांब्याला टेकवून ठेवला, क्षणभर हात मागं घेऊन वाट बघितली, आणि मग बोट टेकवलं. मान होकाराची. हे इतकं स्वच्छ होतं की मलाही शब्दन् शब्द कळला. मग त्यांनी आडवा तळहात दाखवला, स्वतःच्या छातीवर हात दाबला, आणि डोळ्यांखाली बोटं ओढली. तू आडवा दिसलास. मी घाबरले. मी रडले.

यातलं शेवटचं खरं होतं हे मला तेव्हा कळलं. माझ्यापुढं त्यांनी डोळे पुसले होते तेवढंच मी बघितलं होतं. पायरीवर येऊन बसल्या त्याच्या आदल्या सगळ्या रात्रीचं त्या बोलल्या नव्हत्या.

तो व्हिडिओ गावातल्या त्याच माणसाबरोबर कार्डातून गेला. पुढचं कार्ड आलं ते दिवाळीच्या जरा आधी. मावशी ते सरळ दुकानात घेऊन आल्या. घरी फोनवर बघितलंसुद्धा नव्हतं. पहिला व्हिडिओ लावला. पंखा नाही, बोट नाही. चौकट पूर्ण भरलेली, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला भांड्यांची फळी, आणि मधे पोरगा. तो काही वेळ नुसता गंभीर उभा राहिला. मग मान हळूहळू कलती केली, आणखी कलती, खांद्याला टेकेपर्यंत, आणि अंगही वाकवत नेलं. फार आडवा झाल्यावर एकदम सरळ होऊन हसला. आईची फिरकी घेत होता.

"मुडदा बशिवला ह्याचा," मावशी म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना. त्याही हसत होत्या, पण हाताची खूण करून त्याला रागावतही होत्या.

पोरगा दिवाळीला येणार होता, पण कारखान्यात काम निघालं आणि त्याला सुट्टी मिळाली नाही. तो संक्रांतीनंतर आला. दुकानात येऊन मला भेटला. मी तळहात उभा धरून दाखवला, बरा आहेस ना, म्हणून. त्यानं आधी माझ्याकडं, मग आईकडं बघितलं. आईशिवाय दुसऱ्या कुणी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची ही पहिलीच वेळ असावी. त्यानं तोच हात मला परत केला. नंतर बरंच काही भराभर बोलला, त्यातलं मला काही कळलं नाही. मावशी म्हणाल्या, "जेवाय ये म्हनतंय घरी. आन् तुझा हात जरा वाकडा हाय म्हनतंय, बोटं मिटून धर."

मी बोटं मिटून धरली. त्यानं मान डोलावली.

त्याच सुट्टीत त्यानं आईला सोलापूरला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. दुसऱ्याचं राहिलंय. तो परत गेल्यावर महिन्याभरानं कार्ड आलं, तेव्हा मी ते घेऊन मावशींच्या घरी गेले. आता कन्व्हर्ट करायला फारसं काही लागत नाही. फोन आडवा, खूण बरोबर, फक्त टीव्हीला समजेल त्या प्रकारात बदलायचं. मावशी टीव्हीपासून पूर्वीपेक्षा लांब बसल्या, भिंतीला टेकून. आता त्यांना तिथनं दिसत होतं.

व्हिडिओ संपत आला. बंद करायला पोरगा पुढं आला. चेहरा पडदाभर झाला. मावशी एकदम पुढं सरकल्या.

"थांबव, थांबव."

मी रिमोटनं थांबवलं. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या. त्याच्या दाढीजवळ बोट नेलं.

"पांढरं आलंय की गं ह्याच्या दाढीत."

मी बघितलं. हनुवटीखाली चार-दोन केस होते.

"हिथं व्हता तवा का न्हाय दिसलं मला?"

"तेव्हा डोळ्याला पट्टी होती मावशी."

त्या म्हणाल्या, "नीट जेवत नसंल." आणि मला सांगितलं की पुढच्या खेपेला कार्डाबरोबर जवसाची चटणी पाठवायची आहे, त्या माणसाला विचारून ठेव, डबा नेशील का म्हणून. मी हो म्हटलं. त्या खाली बसल्या आणि मला व्हिडिओ पुढं चालू करायला सांगितला.